कोटेशनवर एक पत्ता, एमसीएच्या नोंदीत दुसरा. ऑर्डर द्यावी का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आमच्या युनिटसाठी पाऊच भरायचं यंत्र घ्यायचं आहे. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं कोटेशन आलंय. ऑर्डरबरोबर तीस टक्के आगाऊ आणि उरलेली रक्कम माल निघायच्या आधी, अशी अट आहे.

कोटेशनच्या माथ्यावर कंपनीचं नाव आहे आणि महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतला पत्ता आहे. तिथे मी स्वतः जाऊन आलोय. शेड आहे, लेथ चालू होते, आमच्यासारखंच एक यंत्र अर्धवट जोडलेलं उभं होतं. त्यामुळे काम होतं याबद्दल शंका नाही. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं तर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता निघाला गुजरातमधला. तोही निवासी इमारतीतला फ्लॅट, पुढे ‘केअर ऑफ’ करून कुणाचं तरी नाव. शेडचा पत्ता त्या नोंदीत कुठेच नाही.

आमचे भागीदार म्हणतात, सोडून दे, दुसरा बघ. मला यंत्र आवडलंय. जाणकारांनी सांगावं, असा फरक असणं किती गंभीर समजायचं?

रोखठोक

सरळ पळ काढा. ज्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय फ्लॅटमध्ये, ती कंपनी कागदावरचीच. कंपनीने नोंदणीकृत पत्त्यावरून धंदा केलाच पाहिजे असा कायदा आहे. तिथे काम चालत नसेल तर रजिस्ट्रार तिचं नाव काढून टाकतो. २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांना कार्यालयाचे आतले-बाहेरचे फोटो द्यायला लावले होते ते उगाच नाही.

खतावणी

रोखठोक, फोटोंचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. INC-22A नावाचा तो फॉर्म होता. २०१७ अखेरपर्यंत स्थापन झालेल्या कंपन्यांना तो भरायचा होता. इमारतीचा बाहेरून फोटो, आतला फोटो आणि त्यात निदान एक संचालक किंवा प्रमुख अधिकारी दिसायला हवा, शिवाय जागेचे अक्षांश-रेखांश. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष बरोबर नाही.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १२ काय मागतं? कंपनीला एक असा पत्ता हवा, जिथे तिच्या नावाने आलेला कागद घेतला जाईल आणि त्याची पोच दिली जाईल. बस्स. धंदा तिथेच करा, असं त्यात कुठेही नाही. रजिस्ट्रार प्रत्यक्ष पाहणी करू शकतो, नाव काढायची कारवाई सुरू करू शकतो, हे त्याच कलमात नंतर आलं. पण ते कधी, तर कंपनी कुठलाच व्यवसाय करत नाही असं मानायला सबळ कारण असेल तेव्हा. शेडमध्ये यंत्रं बनतायत आणि टपाल फ्लॅटवर घेतलं जातंय, यात कलम १२ चा भंग नाही.

मी कंपनी सेक्रेटरी म्हणून बरीच वर्षं हेच काम केलंय. संचालकाचं घर, सीएचं ऑफिस, वडिलोपार्जित जागा असे पत्ते छोट्या कंपन्यांत सर्रास असतात. कारणही साधं आहे. कारखान्याची जागा भाड्याची असते, बदलत राहते. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवायचं म्हणजे विशेष ठराव, जाहिरात, धनकोंची यादी, रीजनल डायरेक्टरची मंजुरी एवढं सगळं. म्हणून लोक तो पत्ता जिथे कधी हलणार नाही तिथे ठेवतात.

तेव्हा पाऊलवाट, दोन पत्ते वेगळे आहेत एवढ्यावरून मी काहीच ठरवणार नाही. दोन पत्त्यांमागे एकच कंपनी आहे का, हे मी आधी बघेन. तीन गोष्टी सांगा. कोटेशनवर कंपनीचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, आणि नोंदणीकृत पत्ता छापलाय का? जीएसटी क्रमांक छापला असेल तर पहिले दोन आकडे कोणते आणि डावीकडून सहावं अक्षर कोणतं? आणि आगाऊ रक्कम ज्या खात्यात मागितली आहे ते खातं नेमकं कुणाच्या नावाने आहे? पूर्ण क्रमांक इथे उघड्यावर टाकू नका.

सायली_म

मध्येच विचारते, माफ करा. मला एका कंपनीकडून नोकरीचं पत्र आलंय. काम ज्या शहरात करायचं तिथे त्यांचं भाड्याचं ऑफिस आहे, पण पत्राच्या तळाशी वेगळ्याच राज्यातला नोंदणीकृत पत्ता आहे. मीसुद्धा घाबरायचं का?

खतावणी

सायलीताई, उलट तुमच्या पत्रावर तो पत्ता छापलाय ही चांगली खूण आहे. कंपनीच्या पत्रांवर, बिलांवर, नोटिसांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन आणि ईमेल छापणं त्याच कलम १२ ने बंधनकारक केलंय. जिथे जिथे कंपनीचा धंदा चालतो तिथे बाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता लिहिलेला फलकही हवा. म्हणजे दोन पत्ते असणार हे कायद्याने गृहीतच धरलंय. तुम्ही एवढंच करा: पत्रावरचा सीआयएन एमसीएच्या साइटवर टाका आणि नाव-पत्ता अक्षरशः जुळतो का पाहा. आणि पीएफ कुठल्या आस्थापनेच्या नावाने जमा होणार ते एचआरला विचारा.

नवा_गडी

माझाही हाच प्रश्न आहे. मला नवीन कंपनी काढायची आहे आणि घराचाच पत्ता द्यायचा आहे. घर आईच्या नावावर आहे. चालेल ना?

खतावणी

चालेल. आईंचं ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल लागेल. सोसायटीचे नियम हा वेगळा भाग आहे. तुम्ही वेगळा धागा काढलात तर बरं, इथे पाऊलवाटांचं राहून जाईल.

पाऊलवाट

खतावणीताई, तुम्ही विचारलेलं सगळं बघितलं.

कोटेशनवर सीआयएन आहे, तळाशी बारीक अक्षरात. त्यात मध्ये GJ आणि पुढे २०१६ आहे, शेवटी PTC आणि आकडे. नोंदणीकृत पत्ता मात्र छापलेला नाही. जीएसटी क्रमांक आहे, सुरुवात २७ ने होते आणि सहावं अक्षर P आहे. खातं ज्या नावाने आहे त्यात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हे शब्द नाहीत. कंपनीच्या नावातला पहिला शब्द आहे आणि पुढे ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ आहे. मला वाटलं बँकेत जागा कमी पडली म्हणून नाव छोटं केलं असेल.

खतावणी

आता गोष्ट उलगडली. सावकाश सांगते, कारण अनेक जण पत्त्याकडे बघत बसतात आणि हे नजरेतून सुटतं.

सीआयएन २१ खुणांचा असतो. त्यातलं GJ म्हणजे नोंदणीकृत कार्यालयाचं राज्य, २०१६ हे स्थापनेचं वर्ष आणि PTC म्हणजे खाजगी कंपनी. एमसीएची नोंद गुजरातचा पत्ता दाखवते, सीआयएनही गुजरातच सांगतो. इथपर्यंत सगळं जुळलं.

जीएसटी क्रमांक १५ खुणांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र. हेही विचित्र नाही, कारण जीएसटीची नोंदणी राज्यवार असते. गुजरातेत नोंदलेली कंपनी महाराष्ट्रातल्या शेडमधून माल विकत असेल तर तिला महाराष्ट्रात वेगळा जीएसटी क्रमांक घ्यावाच लागतो. सीआयएनमध्ये GJ आणि जीएसटीत २७, हे जोडपं शेकडो खऱ्याखुऱ्या कंपन्यांत सापडेल.

अडचण सहाव्या अक्षरात आहे. राज्याच्या दोन आकड्यांनंतरच्या दहा खुणा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर पॅनधारक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर C, भागीदारी किंवा एलएलपी असेल तर F, एकटी व्यक्ती असेल तर P. जीएसटी क्रमांकात तेच अक्षर सहाव्या जागी येतं. तुमच्या कोटेशनवर तिथे P आहे. म्हणजे हा जीएसटी क्रमांक कंपनीचा नाहीच. तो एका माणसाच्या पॅनवर घेतलेला आहे. बहुधा कुणाच्या तरी मालकीची प्रोप्रायटरी फर्म आहे आणि बँकेतलं ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ म्हणजे तीच फर्म.

तुम्हाला एकाच कंपनीचे दोन पत्ते दिसत होते. प्रत्यक्षात दोन वेगळ्या कायदेशीर व्यक्ती आहेत आणि दोघांना प्रत्येकी एक पत्ता आहे. कंपनी गुजरातमध्ये, फर्म महाराष्ट्रात, आणि कोटेशनवर दोघांची सरमिसळ. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांक टाकून शोधता येतं. तिथे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, घटना म्हणजे व्यवसायाचा प्रकार, आणि मुख्य व्यवसायस्थळ दिसेल. बघून सांगा.

रोखठोक

म्हणजे मी म्हणत होतो तेच! फसवणूक.

खतावणी

फसवणूक असेलच असं अजूनही म्हणता येत नाही. माणसाची आधी फर्म असते, शेड, कामगार, वीजजोडणी सगळं फर्मच्या नावावर. पुढे एखाद्या टेंडरसाठी किंवा मोठ्या गिऱ्हाइकासाठी कंपनी काढतो. कंपनी नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदली जाते आणि धंदा जुन्या फर्ममधूनच चालू राहतो. लेटरहेड करून देणारा दोन्हीकडचं उचलून एकत्र करतो. हेतू वाईट नसला तरी गिऱ्हाइकाला धोका तेवढाच. कारण उद्या वाद झाला तर ‘करार माझ्याशी नव्हताच’ असं दोघंही म्हणू शकतात.

पाऊलवाट

पोर्टलवर पाहिलं. कायदेशीर नाव एका व्यक्तीचं, व्यापारी नाव ‘इंजिनिअरिंग वर्क्स’, घटना ‘प्रोप्रायटरशिप’, मुख्य व्यवसायस्थळ म्हणजे मी पाहिलेली शेडच. नोंदणी २०१७ पासूनची आहे, स्थिती चालू. ज्यांचं नाव आहे तेच एमसीएच्या नोंदीत कंपनीचे एक संचालक आहेत. मी शेडबाहेर मोबाइलवर फोटो काढला होता तो आत्ता मोठा करून बघितला. फलकावरही ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ एवढंच आहे, कंपनीचं नाव नाही. तेव्हा मी लक्षच दिलं नव्हतं.

दूरदेशी

मी भारताबाहेर पुरवठादार तपासायचं काम करतो, तेव्हा तिकडचं सांगतो. नोंदणीकृत पत्ता म्हणजे टपालाचा पत्ता, हे जवळजवळ सगळीकडे तसंच आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विल्मिंग्टनला एक ठेंगणी इमारत आहे, तिथल्या एकाच पत्त्यावर दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या होत्या अशा बातम्या येऊन गेल्या. तिथे कंपनीला एक नोंदणीकृत एजंट लागतो आणि त्या सगळ्यांनी एकच एजंट घेतलेला. त्यातल्या कितीतरी कंपन्या जगभर खरोखर धंदा करतात. ब्रिटनमध्ये ४ मार्च २०२४ पासून नियम कडक झालेत. नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. पाठवलेला कागद कंपनीच्या वतीने कुणाच्या तरी नजरेस येईल आणि पोच मिळेल असाच पत्ता लागतो. पण कारखाना तिथे हवा, असं तिथेही नाही.

मी स्वतः मात्र अशा वेळी शेवटी जमाखर्चावर जातो. पत्ता कुठलाही लिहिता येतो. पण कंपनी खरोखर शेड चालवत असेल तर तिच्या ताळेबंदात त्याचा माग लागतोच.

खतावणी

हे फार मोलाचं सांगितलंत. एमसीएच्या साइटवर शुल्क भरून कंपनीचे सार्वजनिक कागद पाहता येतात. पाऊलवाट, दोन कागद उघडा.

पहिला INC-22, म्हणजे नोंदणीकृत पत्ता कळवणारा फॉर्म. त्याला जागेचा पुरावा जोडलेला असतो: भाडेकरार किंवा मालकी, जागामालकाचं ना-हरकत पत्र, वीज किंवा फोनचं बिल. फ्लॅट कुणाचा आणि ‘केअर ऑफ’ मधला माणूस कोण, ते त्यातून कळेल. कंपनी स्थापन होतानाच पत्ता दिला असेल तर हे कागद स्थापनेच्या अर्जाला जोडलेले सापडतील.

दुसरा वार्षिक हिशेब, AOC-4 या फॉर्मला जोडलेला. त्यात सरळ स्थावर-जंगम मालमत्तेच्या टिपेवर जा. यंत्रसामग्री आहे का? नसेल तर खर्चात जागेचं भाडं, वीज, मजुरी आहे का? तेही नसेल आणि फक्त माल खरेदी व माल विक्री दिसत असेल तर कंपनी बनवत नाही, घेऊन विकते. मग संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांची टीप वाचा. खरेदी संचालकाच्याच फर्मकडून असेल तर ती तिथे यायला हवी.

आणखी एक. एमसीएच्या कंपनी माहितीत हिशेबाच्या वह्या नोंदणीकृत पत्त्याव्यतिरिक्त कुठे ठेवल्या असतील तर तो पत्ता दाखवणारा रकाना असतो. संचालक मंडळाने ठराव करून सात दिवसांत रजिस्ट्रारला कळवलं असेल तरच तो भरलेला असतो. बरेचदा कंपनीचं खरं कामाचं ठिकाण तिथे सापडतं. तो रिकामा असला म्हणून काही सिद्ध होत नाही, पण भरलेला असला तर वाचण्यासारखा असतो.

आडवाट

जीएसटीच्या पत्त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही ना? तिथे अधिकारी येऊन जागा बघतात. आमच्याकडे आले होते. त्यामुळे व्यवसायस्थळासाठी जीएसटीचा पत्ता अंतिम मानावा असं मला वाटतं.

खतावणी

तुमच्याकडे आले, सगळ्यांकडे येत नाहीत. आधार पडताळणी झाली आणि खात्याला जोखीम वाटली नाही तर भेटीशिवायच नोंदणी मिळते. शिवाय मुख्य व्यवसायस्थळ एकच असतं, बाकीची गोदामं-कारखाने अतिरिक्त जागा म्हणून नोंदतात. म्हणून मी नेहमी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागते, REG-06. त्याच्या ‘अ’ परिशिष्टात अतिरिक्त जागांची यादी असते. हे प्रमाणपत्र प्रत्येक जागी दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, त्यामुळे मागितलं तर कुणी आढेवेढे घ्यायचं कारण नाही. कुणी घेतलेच, तर ते मी फार गंभीरपणे घेते. फ्लॅटच्या पत्त्यापेक्षा कितीतरी जास्त.

आमच्या एका अशिलाच्या बाबतीत माल ज्या गोदामातून येत होता ते गोदाम पुरवठादाराच्या प्रमाणपत्रात कुठेच नव्हतं. नोंदणीकृत पत्ता चकाचक इमारतीत, मुख्य व्यवसायस्थळही तिथेच, दोन्ही अगदी जुळणारे. पुढे त्या पुरवठादाराची नोंदणी रद्द झाली आणि अशिलाला इनपुट क्रेडिटसाठी झगडावं लागलं. जुळणारे पत्ते बघून सगळे निर्धास्त होते. माल कुठून निघतो हे कुणी विचारलंच नाही.

पाऊलवाट

कागद पाहिले. फ्लॅट संचालकांच्या सासऱ्यांच्या नावावर आहे, ‘केअर ऑफ’ तेच आहेत. ना-हरकत पत्र आहे, वीजबिल त्यांच्याच नावाचं. ताळेबंदात यंत्रसामग्रीच्या रकान्यात फक्त संगणक आहेत, भाडं नाही, मजुरी नाही. मालाची खरेदी जवळजवळ सगळी त्या फर्मकडून, आणि ती टिपेत स्पष्ट लिहिली आहे. हिशेब वेळच्या वेळी भरलेले दिसतात.

मग मी संचालकांना फोन करून सरळच विचारलं. ते अजिबात बिचकले नाहीत. म्हणाले, कारखाना माझ्या फर्मचा, कंपनी बाहेरच्या राज्यांतल्या ऑर्डरींसाठी काढली, कोटेशनचा नमुना ऑफिसातल्या मुलाने दोन्हीकडचं घालून केला. तुम्ही म्हणाल त्या नावाने देतो. फर्मच्या नावाने हवं तर फर्मचं बिल, कंपनीच्या नावाने हवं तर कंपनीचं बिल आणि कंपनीचं खातं.

आता प्रश्न असा, की कुणाकडून घेऊ?

रोखठोक

हिशेब उघडपणे लिहिलेत म्हणजे माणूस लपवाछपवी करणारा दिसत नाही, एवढं मान्य. पण घ्यायचंच असेल तर कंपनीकडून घ्या. कंपनीवर रजिस्ट्रारची नजर असते, फर्मवर कुणाची?

वकीलपेठ

मी उलट म्हणेन. कंपनीकडे आहे काय? काही संगणक. संचालकाची वैयक्तिक जबाबदारी एरवी येत नाही, दावा जिंकलात तरी वसुली कशातून करणार? फर्म म्हणजे तो माणूसच. शेडमधली यंत्रं त्याची, देणं त्याचं, मर्यादा नाही. तीस टक्के आगाऊ द्यायचेत तर ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याशी करार करावा. नोंदणीकृत पत्ता आणि कामाची जागा वेगळी असते तेव्हा मी अशिलाला हेच विचारायला लावतो, की मालमत्ता कुठल्या पत्त्यावर आहे आणि ती कुणाची आहे.

दुसरं, कोटेशनच्या मागे न्यायक्षेत्राची अट आहे का बघा. वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात, असं बारीक अक्षरात असतं.

पाऊलवाट

आहे. गुजरातमधलं शहर लिहिलंय, नोंदणीकृत कार्यालयाचं.

वकीलपेठ

वाटलंच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० चं स्पष्टीकरण सांगतं, की कंपनी तिच्या मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी धंदा करते असं मानायचं. पण वादाचं कारण जिथे घडलं तिथे तिचं दुय्यम कार्यालय असेल, तर त्या ठिकाणी. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पटेल रोडवेजच्या खटल्यात यावर निकाल दिला. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, माल तामिळनाडूतल्या शाखेत दिलेला आणि दिल्लीतल्या गोदामात जळालेला. करारात ‘फक्त मुंबई न्यायक्षेत्र’ अशी अट होती. न्यायालयाने सांगितलं, की जिथे वादाचं कारण घडलं तिथे शाखा असताना केवळ मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून मुंबईला अधिकार येत नाही, आणि जो अधिकार मुळात नाही तो दोघांनी सही करून निर्माण करता येत नाही.

तुमच्या बाबतीत फर्मशी करार केलात तर गुजरातचा संबंधच उरत नाही. ती अट खोडून घ्या. कंपनीशी केलात तर मात्र गुजरातचा मुद्दा ते उपस्थित करणार, आणि शेड ही कंपनीचं ‘दुय्यम कार्यालय’ आहे असं तुम्हाला म्हणता येणार नाही, कारण शेड फर्मची आहे. सगळा व्यवहार महाराष्ट्रात झाला या मुद्द्यावर तुम्ही लढू शकाल, पण तो लढावा लागेल.

खतावणी

वकीलसाहेब, एका ठिकाणी थोडी असहमती. तुम्ही मुख्य कार्यालय आणि नोंदणीकृत कार्यालय एकच धरताय. कलम २० मध्ये नोंदणीकृत हा शब्द नाही. नोंदणीकृत पत्ता फ्लॅटवर आणि सगळा कारभार दुसरीकडून चालतो, अशा कंपनीचं मुख्य कार्यालय कुठलं हा पुराव्याचा प्रश्न झाला ना?

वकीलपेठ

वाद घालता येतो, खरंय. अनेक जण तो घालतातही. पण न्यायाधीशासमोर सुरुवात नोंदणीकृत पत्त्यापासूनच होते आणि दुसरं ठिकाण मुख्य आहे हे तसं म्हणणाऱ्याला दाखवावं लागतं. दिवाळखोरीच्या बाबतीत तर एवढीही मोकळीक नाही. तिथे कुठल्या एनसीएलटीकडे, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाकडे, जायचं हे नोंदणीकृत कार्यालयावरूनच ठरतं. कारखाना महाराष्ट्रात असला तरी ही कंपनी असेल तर अहमदाबादला जावं लागेल.

आडवाट

आणि नोटीस पाठवायची झाली तर? शेडवर पाठवायची की फ्लॅटवर?

वकीलपेठ

कंपनीला द्यायची असेल तर नोंदणीकृत पत्त्यावर, आणि एक प्रत कामाच्या जागी. फक्त शेडवर पाठवलेली नोटीस घेतली गेली तर ठीक, पण नाकारली गेली तर ‘आमचा पत्ता तो नाही’ हे उत्तर तयार असतं. नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवलेला कागद कंपनीला बजावला असं धरायची सोय कंपनी कायद्याच्या कलम २० मध्येच आहे. पाठवायच्या दिवशी एमसीएवर पत्ता पुन्हा बघा आणि त्या पानाची प्रत काढून ठेवा. पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचं असतं, त्यामुळे मधल्या काळात नोंद जुनी असू शकते.

फर्मला मात्र नोंदणीकृत कार्यालय ही गोष्टच नसते. तिथे मालकाच्या नावाने, फर्मचं नाव जोडून, शेडवर आणि त्याच्या घरी.

दूरदेशी

पाऊलवाट, हमीपत्र कुणाच्या नावाने मिळणार तेही विचारा. बिल एकाचं आणि हमी दुसऱ्याची, यात मी गिऱ्हाइकं अडकलेली पाहिली आहेत. यंत्र बंद पडल्यावर बिलवाला म्हणतो हमी त्यांची, आणि हमीवाला म्हणतो आम्ही विकलंच नाही.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. भागीदारांना धागा वाचायला दिला. त्यांचं मत अजून कंपनीकडे झुकतंय, कारण आमची बँक यंत्रासाठी कर्ज देणार आहे आणि बँकेचे साहेब म्हणाले की पुरवठादार कंपनी असेल तर त्यांचे कागद लवकर होतात. मी फर्मच्या बाजूने आहे. संचालकांना सांगितलंय, की फर्मच्या लेटरहेडवर नवीन कोटेशन द्या, त्यावर फर्मचाच जीएसटी क्रमांक आणि फर्मचंच खातं, हमी त्याच नावाने, न्यायक्षेत्राची ओळ काढून. सोबत REG-06 ची प्रत. ते पाठवतो म्हणाले.

खतावणी

बँकेने कंपनीचाच आग्रह धरला तर दुसरा मार्ग आहे. कंपनीने तिच्या स्वतःच्या, २४ ने सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकाने बिल करावं, आयजीएसटी लावून, आणि माल फर्मच्या शेडमधून थेट तुमच्याकडे यावा. फर्मने कंपनीला वेगळं बिल करायचं. यात बेकायदा काही नाही. फक्त ई-वे बिलावर माल कुठून निघाला तिथे शेडचा पत्ता आणि विकणारा म्हणून कंपनी, असं दोन्ही नीट दिसलं पाहिजे. आणि वकीलसाहेबांनी मांडलेला वसुलीचा मुद्दा सोडवायला संचालकांची वैयक्तिक हमी लेखी घ्या, आगाऊ रकमेपुरती तरी. कंपनीचा गुजरातचा जीएसटी क्रमांक आला की सहावं अक्षर C आहे ना, ते आधी बघा.

पाऊलवाट

नवीन कोटेशन आणि क्रमांक आले की इथेच टाकतो, आकडे झाकून.